मदत हवी आहे: कंट्रोलरचा संपर्क तुटल्यानंतरचा पॉज आणि फ्रेमचा हिशेब

नमस्कार. लातूरमध्ये आम्ही दोघे मित्र पीसीवर पूर्ण झालेला आमचा प्लॅटफॉर्मर गेम आता कन्सोलवर नेत आहोत. खेळताना कंट्रोलरचा संपर्क तुटला तर गेम थांबून तसा संदेश दिसावा, अशी सर्टिफिकेशनची अट असते आणि ती रास्तच आहे. आमचा गेम थांबतो. पण कंट्रोलर पुन्हा जोडताच थांबलेला सगळा वेळ एकाच फ्रेमच्या डेल्टा टाइममध्ये येतो आणि पात्र जमिनीतून आरपार खाली जाते. ६० एफपीएसला एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, म्हणून डेल्टाला ५० मिलिसेकंदांची मर्यादा घातली, तेव्हा हे पडणे थांबले. मात्र गर्दीच्या दृश्यात एखादी फ्रेम त्याहून लांबली, की गेम संथ वाटतो. फिजिक्स ठरावीक टप्प्याने चालवून पॉज सुटताना घड्याळ नव्याने सुरू करणे पुरेसे ठरेल का, आणि कन्सोल स्लीपमधून परतल्यावरही तेवढेच चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.