अनुभव धागा: संगणकावरची आयईएलटीएस, टायपिंग आणि शब्दमोजणी

पुढच्या महिन्यात माझी संगणकावरची आयईएलटीएस आहे. रायटिंगला एकूण 60 मिनिटं; टास्क 1 किमान 150 शब्दांचा, टास्क 2 किमान 250 शब्दांचा. माझा वेग मिनिटाला 22 शब्द, तोही कीबोर्डकडे बघून. तुमचं कसं झालं, सविस्तर लिहा.

गोरेगावकर: 22 फार कमी. मी सरकारी टायपिंगची 40 ची परीक्षा दिली होती. आधी न बघता टाईप करायला शिका, मगच तारीख घ्या.

रानजाई: काका, त्या परीक्षेत समोरचा मजकूर उतरवायचा असतो, इथे सुचवून लिहायचं असतं. 22 च्या वेगाने 250 शब्दांना जवळजवळ साडेअकरा मिनिटं लागतात. टास्क 2 ला 40 मिनिटं धरली तरी उरलेला वेळ विचारातच जातो. महिन्याभरात बोटांच्या जागा बदलायला गेलात तर आहे तो वेगही कमी होईल. मी तरी बदलल्या नाहीत.

मी अडकले शब्दमोजणीत. उत्तराच्या चौकटीखाली आकडा आपोआप दिसतो. मी मुद्दे त्याच चौकटीत तळाशी टाईप करून ठेवले आणि वर निबंध लिहीत गेले. आकडा 262 झाला, मी निवांत. शेवटची चार मिनिटं राहिली असताना तळाचे मुद्दे पुसले, तर 231! चौकटीत जे जे आहे ते सगळं मोजलं जातं, हे तेव्हा लक्षात आलं. घाईत दुसऱ्या परिच्छेदात उदाहरणाची दोन वाक्यं घातली, 257 झाले. पण तपासायला वेळ उरला नाही. मुद्दे कच्च्या कागदावरच लिहा.

सोनचाफा: मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट चालेल का? माझी लिपिकाची परीक्षा आहे.

रानजाई: ताई, इथे इंग्रजी निबंधाचं चाललंय. तुमच्या जाहिरातीत कीबोर्डचा लेआउट दिला असेल, तो बघा.

पैलतीर: माझा वेग 45, पण सवय मोबाईलची. तिथे वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं, चुकलेलं स्पेलिंग सुधारतं. परीक्षेत यातलं काहीच होत नाही. सरावाचा निबंध छापून पाहिला तर i सात ठिकाणी लहान, teh तीनदा. मग स्पेलिंग तपासणी बंद करून नोटपॅडवर रोज एक निबंध लिहिला. शिवाय लॅपटॉप सोडून भावाचा जुना, उंच बटणांचा कीबोर्ड घेतला, कारण केंद्रावर डेस्कटॉप होता. पहिले तीन दिवस शिफ्ट नीट दाबलीच जायची नाही.

गोरेगावकर: शिफ्टचं खरं आहे. पण बघून टाईप करणाऱ्याची नजर पडद्यावर नसते, चूक उशिरा दिसते. माझं म्हणणं तेवढ्यापुरतं कायम.

रानजाई: ते मान्य. म्हणून मी दर वाक्यानंतर मान वर करायचे, आकडा मात्र परिच्छेद संपल्यावरच बघायचे.

धागाकर्ती: मुद्दे आजपासून कागदावर. एक राहिलं: well-known सारखा जोडशब्द तिथे एक मोजतात की दोन? कुणी पाहिलंय का?

पैलतीर: मी पाहिलं नाही. मी 270 पर्यंत जायचो, त्यामुळे प्रश्नच आला नाही.