ब्लू टिक आली, उत्तर नाही: त्याने लिहायला हवं की आपण थांबायला?

खाडीकाठ (दापोली): डिसेंबरात माझं लग्न आहे. तो लोटे एमआयडीसीत केमिकल कंपनीत, दुपारी ३ ते रात्री ११ पाळी. प्लांटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवतात, हे मला माहीत आहे. तरी ब्लू टिक दिसून उत्तर आलं नाही की जीव वरखाली होतो, सारखा फोन उघडते. त्याने उत्तर द्यायलाच हवं ना?

सुपारीबाग: हवंच. ब्लू टिक आली म्हणजे फोन हातात होता. "नंतर बोलतो" लिहायला किती वेळ लागतो? होणाऱ्या बायकोला टांगून ठेवायचं आणि वर तिनेच धीर धरायचा, हे मला पटत नाही.

जयगडकर: रेंजचा प्रश्न असणार. आमच्याकडे पाऊस लागला की टॉवर जातो. सिम बदलायला सांगा त्याला.

निशिगंध (समुपदेशक, चिपळूण): रेंज असल्याशिवाय ब्लू टिक येत नाही, जयगडकर. सुपारीबाग, त्याने रोज उत्तर दिलं तरी हिचा हात थांबेलच असं नाही. फोन बघितला की घटकाभर बरं वाटतं आणि मन तेवढंच शिकतं: घालमेल झाली की फोन उघडायचा. मग पुढची घालमेल आणखी लवकर येते.

खाडीकाठ, ओढ दाबू नकोस, पुढे ढकल. समज, साडेसातला ब्लू टिक दिसली. वहीत लिही: "तो रागावलाय, खात्री दहापैकी आठ." फोनची रिंग चालू ठेवून तो दुसऱ्या खोलीत ठेव आणि दहा मिनिटं हाताला काम दे. धडधडत असेल तर श्वास सावकाश सोड, घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून. ओढ चढते आणि न बघताही उतरायला लागते, ते स्वतः अनुभव. जमलं की वीस मिनिटं कर. रात्री त्याच्याकडून खरं कारण कळलं की त्याच ओळीखाली लिही. पंधरवड्याने तुझ्या "आठ"वर किती विसंबायचं ते वहीतच दिसेल. "रागावलास का?" असे पाठोपाठ मेसेज टाकणं हेही फोन बघण्यासारखंच, तेही ढकलायचं.

हर्णैची वैनी: माझे घरवाले ट्रॉलरवर. ऑगस्टात बंदी उठली की कितीतरी दिवस एकच टिक. मी फोन कपाटात कुलूप लावून ठेवते. तूही तसंच कर.

निशिगंध: वैनी, तुमची काळजी समुद्राची, हिची नात्याची. कुलूप काढल्यावर ही सगळी कसर एकदम भरून काढेल. त्यापेक्षा लास्ट सीन बंद कर गं. आपलं लपवलं की दुसऱ्याचंही दिसत नाही, बघायची एक जागा कमी होते.

सुपारीबाग: म्हणजे सगळा अभ्यास हिनेच करायचा? भांडणानंतर मुद्दाम दोन दिवस अबोला धरणारा असेल तर?

निशिगंध: मग वहीचा उपयोग नाही. तो अबोला शिक्षा म्हणून असेल तर समोर बसूनच बोलायला हवं. आणि झोप-जेवण सुटू लागलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, पैसे लागत नाहीत.

खाडीकाठ: अबोला नाही धरत तो. जेवणाच्या सुट्टीत वाचतो आणि आत जातो. रविवारी भेटल्यावर सुट्टीत एक "ओके" टाक असं सांगू का? की तीही तपासणीच?

निशिगंध: एकदा ठरवून मागितलंस तर चालेल. नाही आलं तर त्या दिवशी दुसरा मेसेज टाकायचा नाही, हे मात्र तुझं तू ठरव.

सुपारीबाग: आठवडाभर एकही "ओके" आलं नाही तर? मी तरी विचारेन.