पॉडकास्ट जाहिरात: 34 खरे की 200?

अनघा: हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जाहिरात एका पॉडकास्टवर लावली, 20,000 डाउनलोड झाले. प्रोमो कोड वापरला फक्त 34 जणांनी, पण जाहिरात कंपनीचा रिपोर्ट म्हणतो की ऐकून 200 जण साइटवर आले. कुठला आकडा धरू?

निखिल: 34 धर. कोड म्हणजे रोख पुरावा, बाकी सगळं कागदावरचं. 20,000 लोकांनी ऐकलं आणि 34 जण आले, म्हणजे पैसे पाण्यात गेले, पुढच्या वेळी सर्चवर लाव.

मंजिरी: 20,000 लोकांनी ऐकलं हे कुठून काढलंस? ऑनलाइन जाहिरातींचे निकष ठरवणाऱ्या आयएबी या संस्थेच्या नियमात साधारण एक मिनिटाचा ऑडिओ उतरला की डाउनलोड मोजतात, फाइल फोनवर पोचली एवढंच कळतं, कानापर्यंत गेली का ते नाही. 2023 मध्ये आयफोनच्या आयओएस 17 ने आपोआप होणारे डाउनलोड कमी केले तेव्हा कितीतरी शोंचे आकडे घसरले, ऐकणारे मात्र तेवढेच होते. आणि कोडचं म्हणशील तर माणूस गाडी चालवताना ऐकतो, कोड विसरतो, घरी येऊन सरळ नाव सर्च करतो, ती विक्री सर्चच्या खात्यात जाते. उलट कोड कूपनच्या साइटवर पसरला की ज्यांनी शो कधी ऐकलाच नाही तेही तो वापरतात.

अनघा: मग 200 बरोबर?

मंजिरी: तेही नाही. ते इंटरनेट कनेक्शनचा आयपी पत्ता जुळवतात, म्हणजे ज्या पत्त्यावर एपिसोड उतरला त्याच पत्त्यावरून नंतर कुणी साइटवर आलं की धरलं, पण मोबाइल नेटवर्कवर एकाच पत्त्यामागे असंख्य लोक असतात आणि ऑफिसच्या वायफायचं तेच. म्हणून ज्यांना तुझ्या जागी दुसरी जाहिरात लागली अशा 20,000 डाउनलोडचा आकडा माग. समज त्यांच्यातलेही 120 जण साइटवर आलेले दिसले, तर जाहिरातीमुळे आले ते 80च. जाहिरात एपिसोडमध्ये कायमची रेकॉर्ड केलेली असेल तर मात्र ही तुलना जमत नाही, सगळ्यांना तीच ऐकू येते.

डॉ. समीर: माझा एकच दाताचा दवाखाना आहे, मी पण लावली होती, महिनाभरात एक पेशंट आला नाही. ऐकणारे सगळे लांबचे निघाले.

मंजिरी: डॉक्टर, तुम्हाला हे माध्यम सोयीचं नाहीच. शहर निवडता येतं पण तेही आयपीवरूनच, त्यात चूक होते. अनघाचं वेगळं आहे, तिचं गिऱ्हाईक कुठूनही येऊ शकतं आणि दर महिन्याला पैसे देत राहतं, त्यामुळे थोडे जण आले तरी भागतं.

निखिल: बरं, डाउनलोडचं मान्य. पण एवढ्या छोट्या आकड्यांत 80 चा फरक योगायोगानेही पडेल ना? आणि 80 जण फक्त साइटवर आले, विकत किती जणांनी घेतलं?

मंजिरी: इतका फरक नुसत्या योगायोगाने पडणं कठीण, पण विक्रीत मोजायला गेलीस तर आकडे फारच लहान होतात, तिथे निखिलचं पटतं. अनघा, पैसे भरायच्या पानावर 'आमच्याबद्दल कुठे ऐकलं?' एवढा एक प्रश्न टाक.

निखिल: लोक तिथे काहीही टिक करतात.

अनघा: प्रश्न आजच टाकते. दुसऱ्या गटाचा आकडा मागितलाय, कंपनी म्हणते 'बघून सांगतो'.