८ जीबीचे कार्ड, नवा १४४०पी मॉनिटर आणि पुसट होणाऱ्या भिंती : मदत हवी आहे

परळचा_पाहुणा

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून ८ जीबी व्हीरॅमचे मध्यम किमतीचे ग्राफिक्स कार्ड घेतले. प्रोसेसर दहाव्या पिढीचा आय-५ असून रॅम १६ जीबी आहे. १०८०पी मॉनिटरवर कधीही तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात २५६०×१४४० चा मॉनिटर आणला आणि जुना मॉनिटर दुसरा पडदा म्हणून शेजारी ठेवला.

तेव्हापासून एका मोठ्या खुल्या जगाच्या गेममध्ये विचित्र प्रकार घडतो आहे. सरासरी वेग ६० फ्रेमच्या आसपास दिसतो, परंतु बाजारपेठेच्या भागात शिरले की चित्र झटके देते. पंधरा-वीस मिनिटांनी तर भिंतीवरची पाटी अगदी समोर उभे राहूनही चार-पाच सेकंद पुसटच राहते, आणि मग अचानक स्पष्ट होते. `Texture Quality` मी पूर्वी `High` वर ठेवत असे. नव्या मॉनिटरवर ते `Ultra` केले, कारण टेक्श्चरच्या सेटिंगचा वेगावर परिणाम होत नाही, असे अनेक ठिकाणी वाचले होते.

दुकानदार म्हणतात, १६ जीबीचे कार्ड घ्या. पैसे घालण्यापूर्वी मला एवढेच समजून घ्यायचे आहे की, ८ जीबी खरोखर कमी पडत आहेत हे मी घरच्या घरी कसे ओळखावे?

दहिसरकाका

माझ्या मते हा उकाड्याचा परिणाम असावा. माझाही संगणक ऑक्टोबरमध्ये असाच अडखळत असे. कॅबिनेट उघडून पंखा साफ केला आणि प्रश्न मिटला. आपल्याकडच्या दमट हवेत धूळ चिकटून बसते. आधी तेवढे करून पाहा, खर्च शून्य आहे.

चर्चगेट_फास्ट

काका, तापमानामुळे भिंती पुसट होत नाहीत. हे सरळ व्हीरॅमचेच प्रकरण आहे. टास्क मॅनेजर उघडा; ८ पैकी ७.५ जीबीच्या वर वापर दिसला की कार्ड कमी पडले, असे समजा. नवा मॉनिटर म्हणजे पावणेदोनपट पिक्सेल, म्हणजे मेमरीही पावणेदोनपट लागणार. रॅम ३२ जीबी केलीत तर थोडा आधार मिळेल, कारण कार्ड उरलेला माल तिथेच ठेवते.

आकडेमोड

चर्चगेट_फास्ट यांचे निदान बरोबर दिशेने आहे, पण कारणमीमांसेत दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागतील.

पहिली गोष्ट मॉनिटरची. १४४०पीच्या एका पूर्ण चित्रासाठी, पिक्सेलला चार बाइट धरले तर, साधारण १५ एमबी लागतात. १०८०पीसाठी ८ एमबी लागत होते. एक फ्रेम तयार करताना असे वीसएक पडदे एकाच वेळी मेमरीत धरले, तरी दोन्हींतला फरक दीडशे एमबीच्या घरात राहतो. तेवढ्याने ८ जीबीचे कार्ड कोसळत नाही. खरा बोजा टेक्श्चरचा आहे आणि त्याचा हिशेब समजला की बाकीचे आपोआप उलगडते.

४०९६×४०९६ चे एक टेक्श्चर घ्या. त्यात सुमारे १ कोटी ६८ लाख पिक्सेल असतात. कच्च्या स्वरूपात ते ६४ एमबी भरेल, पण कार्डावर ते दाबूनच ठेवतात. चांगल्या दर्जाच्या पद्धतीत पिक्सेलला एक बाइट पडतो, म्हणजे १६ एमबी. शिवाय दूरच्या वस्तूंसाठी त्याच चित्राच्या निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रती सोबत ठेवाव्या लागतात आणि त्यांनी आणखी एक तृतीयांश भर पडते. झाले सुमारे २१ एमबी. आता एका भिंतीला केवळ रंग पुरत नाही. उंचसखलपणाचे एक आणि चकाकीचे एक, अशी आणखी दोन टेक्श्चर लागतात, म्हणजे एका भिंतीचे ६४ एमबी. बाजारपेठेत अशा शंभर निरनिराळ्या पृष्ठांची सर्वांत मोठी प्रत एकाच वेळी मागितली गेली, तर ६.४ जीबी संपले. तेच टेक्श्चर २०४८ चे केले की आकार चौथाईवर येतो आणि शंभरांचे मिळून १.६ जीबी होतात. तुमचे `High` आणि `Ultra` यांच्यातले अंतर याच जातीचे आहे. प्रत्येक गेम हे सेटिंग असेच राबवत नाही. काहींमध्ये चित्रे तीच राहतात आणि केवळ ती धरून ठेवण्याची जागा वाढते. बोजा मात्र त्याच ठिकाणी पडतो.

मॉनिटरचा यात आडून हात आहे. पडद्यावर पिक्सेल जास्त झाले की तीच भिंत तेवढ्याच अंतरावरून अधिक मोठी प्रत मागते. तुम्ही आधीच काठावर होता. मॉनिटर, दुसरा पडदा आणि `Ultra` या तिघांनी मिळून पलीकडे ढकलले.

दुसरी गोष्ट ७.५ जीबीच्या आकड्याची. पुष्कळ गेम रिकामी जागा दिसली की ती भरून ठेवतात, न जाणो पुढे लागेल म्हणून. त्यामुळे भरलेली मेमरी म्हणजे अपुरी मेमरी नव्हे. टास्क मॅनेजरच्या `Performance` पानावर `GPU` निवडा. तिथे `Dedicated GPU memory` आणि `Shared GPU memory` असे दोन आलेख असतात. दुसऱ्यात दोन-तीनशे एमबी नेहमीच दिसतात, त्याची चिंता नको. झटके बसतात त्याच सुमारास तो वर चढत जातो का, हे पाहावे.

काका, उष्णतेने कार्ड मंदावते तेव्हा सगळाच वेग हळूहळू आणि सलग खाली येतो. सरासरी टिकून मध्येच झटके बसत असतील, तर संशय दुसरीकडे जातो. पंखा साफ करावा, हे मात्र खरेच.

रेखाटन

मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी आहे आणि माझ्याकडेही ८ जीबीचेच कार्ड आहे. ब्लेंडरमध्ये मोठा सीन रेंडर करताना माझे काम पुसट होत नाही, थेट मेमरी संपल्याचा संदेश येऊन थांबते. म्हणजे माझे कार्ड अधिक खराब आहे का?

आकडेमोड

नाही, रेखाटन, तुमचा प्रश्न वेगळा आहे. गेम लांबच्या भिंतीची लहान प्रत वापरून वेळ मारून नेतो. तुमच्या सीनमधले प्रत्येक टेक्श्चर मात्र पूर्ण आकारात मागितले जाते, मग ती वस्तू चित्राच्या कोपऱ्यात नखाएवढी का दिसेना. सायकल्स वापरत असाल, तर रेंडरच्या सेटिंगमध्ये `Simplify` खाली `Texture Limit` आहे, तो २०४८ करून पाहा. सविस्तर बोलायचे असेल तर कृपया वेगळा धागा काढा, नाहीतर इथला मूळ प्रश्न बाजूला राहील.

परळचा_पाहुणा

सर्वांचे आभार. काल रात्री त्याच बाजारपेठेत दहा-दहा मिनिटे फिरून नोंदी केल्या. `Ultra` वर `Dedicated` ७.७ जीबी होते आणि `Shared` ०.३ पासून चढत १.५ जीबीपर्यंत गेले. एरवी १६-१७ मिलिसेकंदांत येणारी फ्रेम अधूनमधून ७०-८० मिलिसेकंद घेत होती. गेम बंद करून `High` वर पुन्हा सुरू केला, तेव्हा `Dedicated` ७.१ वर राहिले, `Shared` ०.३ च्या पुढे हलले नाही आणि सर्वांत वाईट फ्रेम २५ मिलिसेकंदांची होती. पंखाही साफ केला, काका. तापमान चार अंशांनी उतरले, झटके तसेच राहिले.

एक शंका आहे. सांडलेला माल रॅममध्ये आहे आणि रॅमही वेगवान आहे, तर मग एवढा फरक का पडावा?

चर्चगेट_फास्ट

दुकानात माल नाही म्हणून भिवंडीच्या गोदामातून मागवल्यासारखे आहे ते. गोदाम कितीही मोठे असले तरी टेम्पो त्याच रस्त्याने येणार. म्हणजे माझा ३२ जीबी रॅमचा सल्ला फारसा उपयोगाचा नव्हता, हे मान्य.

आकडेमोड

रस्त्याची उपमा चपखल आहे आणि पाहुण्यांच्या बाबतीत तो रस्ता विशेष अरुंद असण्याची शक्यता आहे. अलीकडची मध्यम किमतीची बरीच कार्डे मदरबोर्डाशी सोळाऐवजी आठच लेनने जोडलेली असतात. दहाव्या पिढीचा आय-५ पीसीआय एक्सप्रेस ३.० वर चालतो, आणि तिथे आठ लेनचा वेग सेकंदाला साधारण ८ जीबी पडतो. कार्डाची स्वतःची मेमरी याच वर्गात सेकंदाला २७० जीबीच्या आसपास देते. ६० फ्रेमच्या वेगात एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्या वेळात त्या रस्त्यावरून जास्तीत जास्त १३० एमबी येतील. वळणावर एकदम ४०० एमबी हवे झाले, तर निव्वळ वाहतुकीलाच ५० मिलिसेकंद लागले. तुमचे ७०-८० याच्याशी जुळतात. नव्या बोर्डावर ४.० मिळाले तर हाच वेळ निम्मा होतो, म्हणून तेच कार्ड मित्राकडे बरे चालते आणि आपल्याकडे नाही, असे अनुभव लोक सांगतात.

तुम्ही वाचलेले वाक्यही अर्धे खरे आहे: टेक्श्चर मेमरीत मावत असेल तोवर `Ultra` जवळजवळ फुकट पडते. मावेनासे झाले की सगळी किंमत एकदम वसूल होते. आणि गेममधले डीएलएसएससारखे सेटिंग लावून हे सुटेल, असे समजू नका. आतले चित्र लहान काढले तरी टेक्श्चर मोठ्या पडद्याच्या हिशेबानेच मागितले जाते, त्यामुळे तिथे फारशी बचत होत नाही.

अजून एक करून पाहता येईल. तुमच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी `F` नसेल, तर त्यात स्वतःचे ग्राफिक्स आहे. बायोसमध्ये ते चालू करून दुसरा मॉनिटर मदरबोर्डाला जोडा आणि खेळताना ब्राउझर बंद ठेवा.

परळचा_पाहुणा

करून पाहिले. त्याने सुमारे ०.६ जीबी मोकळे झाले. तरीही `Ultra` वर `Shared` ०.९ पर्यंत गेलेच. `High` वर मात्र आता ऐसपैस जागा आहे. रे ट्रेसिंगच्या सावल्या लावल्या की पुन्हा ०.८ दिसते आणि झटके परततात.

चर्चगेट_फास्ट

मग घेऊन टाका १६ जीबी. २०२३ साली आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत आले होते, चिप तीच. जिथे ८ पुरतात तिथे दोन्ही सारखीच धावतात, जिथे पुरत नाहीत तिथेच १६ पुढे जाते. याहून स्वच्छ पुरावा कोणता?

आकडेमोड

पुरावा स्वच्छ आहे, निष्कर्ष तेवढा स्वच्छ नाही. पाहुणे एका गेममध्ये, एका सेटिंगवर काठाबाहेर आहेत. `High` आणि `Ultra` यांची चित्रे शेजारी ठेवून भिंतीपासून दोन पावलांवर फरक ओळखता येतो का, ते त्यांनी आधी पाहावे. मला स्वतःला बहुतेक ठिकाणी ओळखता येत नाही. रे ट्रेसिंग नेहमी हवे असेल तर मात्र मी तुमच्याच बाजूने आहे, कारण त्याची मेमरी टेक्श्चरच्या वर लागते.

परळचा_पाहुणा

रे ट्रेसिंगशिवाय माझे चालेल, त्यामुळे तूर्त `High` वरच थांबतो. एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही: `High` वरही तासाभराने बाजारात परतलो की एक-दोन पाट्या पुसट राहतात, आणि तेव्हा `Shared` ०.३ वरच असते. गेम बंद करून उघडला की ठीक होतात. हे कोणाला दिसले आहे का?