‘वजन असणे’ : ही नेमकी कोणती सत्ता?

हिंगणा रोड
एमबीएच्या प्रोजेक्टसाठी मी सध्या हिंगणा एमआयडीसीतल्या पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात जाते. तिथल्या मेंटेनन्सच्या फिटरकाकांबद्दल सगळे एकच सांगतात, ‘त्यांचं इथं वजन आहे.’ पदानं ते प्लांट मॅनेजरच्या बरेच खाली. ते कुणाला बढती देऊ शकत नाहीत, कुणाचा पगार कापू शकत नाहीत. पण खोक्याचा आकार कापणारं जुनं मशीन अडलं की सुपरवायझर त्यांच्यामागे धावतात. दिवाळीत सगळ्यांत आधी रजा मंजूर होते ती त्यांची. जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेवन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सत्तेचे पाच आधार मांडले : पद, बक्षीस, शिक्षा, तज्ज्ञता आणि आपुलकीचा आदर. यातल्या कोणत्या आधारावर हे ‘वजन’ बसतं? आणि अहवालात त्याला काय म्हणू?

इतवारी
ताई, वजनाचं आमाले विचारा! घराच्या फेरफाराची फाईल एका ऑफिसात पडून होती. बाबू म्हणे, कागद उडून राह्यले, काही वजन ठेवा. वजन ठेवलं तं फाईल चालली. याले सत्ता नाही म्हणत, लाच म्हणतात.

बर्डीवाली
इतवारीभाऊ, ‘वजन ठेवणे’ वेगळं आणि ‘वजन असणे’ वेगळं. ताई दुसऱ्याबद्दल विचारताहेत. मला तर उत्तर सरळ दिसतं. फिटरला मशीन कळतं, इतरांना कळत नाही. म्हणजे तज्ज्ञतेची सत्ता. लिहून मोकळ्या व्हा.

धंतोलीकर
अर्धं बरोबर आहे. हिंगणा रोड, एक सांगा. त्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे का? त्याचंही वजन आहे का?

हिंगणा रोड
आहेत की. डिप्लोमावाले आहेत, काम उत्तम. पण वजन असं काही नाही. त्यांना चहा कुणी विचारत नाही.

धंतोलीकर
मग ज्ञान दोघांकडे आहे आणि वजन एकाकडेच. तेव्हा नुसत्या ज्ञानानं उत्तर मिळत नाही. इलेक्ट्रिशियन आला नाही तर ठेकेदाराला फोन करून दुसरा माणूस तासाभरात बोलावता येतो. फिटर आला नाही तर?

हिंगणा रोड
बाहेरचा मेकॅनिक एकदा आणला होता, तो मशीन बघूनच परत गेला. मूळ ड्रॉइंग सापडत नाही. कोणता कॅम किती सरकवायचा हे काकांच्या खिशातल्या वहीत लिहिलेलं असतं. आणि ते मशीन थांबलं की पुढचं चिकटवणं, बांधणं, गाडी भरणं सगळं त्याच पाळीत अडतं.

धंतोलीकर
हेच हवं होतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांनी फ्रान्सच्या सरकारी तंबाखू कारखान्यांत जवळपास हेच चित्र पाहिलं होतं. तिथं भरती, बदली, बढती सगळं नियमांनी बांधलेलं, त्यामुळे वरिष्ठांच्या हाती फारसं काही उरलेलं नव्हतं. नियमांत न बसणारी एकच मोठी गोष्ट होती, ती म्हणजे मशीन बंद पडणं. ते दुरुस्त करायचं मेंटेनन्सच्या कामगारांनी, मशीन चालवणाऱ्यांनी हात लावायचा नाही. मशीनचे नकाशे आणि लेखी सूचना कारखान्यांतून नाहीशा झाल्या होत्या. नव्या माणसाला जुना माणूस तोंडीच शिकवायचा. त्यामुळे कागदावर नसलेला दरारा त्या कामगारांना मिळाला.

पुढे १९७१ मध्ये संघटनांचे अभ्यासक डेव्हिड हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा विभागांच्या पातळीवर मांडला. तुमच्या फिटरला लावायचा तर तीन प्रश्न विचारा. अनिश्चितता कोण निस्तरतं? तो थांबला तर किती जणांचं काम, किती लवकर थांबतं? त्याच्या जागी दुसरा मिळतो का? यात पहिल्या प्रश्नावर विद्यार्थी हमखास चुकतात. अनिश्चितता नुसती वाट्याला आल्यानं वजन येत नाही. ती निस्तरता आली तर येतं. त्या मशीनवरच्या ऑपरेटरच्या वाट्यालाही तीच अनिश्चितता आहे, पण तो हात बांधून उभा असतो.

बर्डीवाली
मान्य. म्हणजे ज्ञान हवंच, पण ते दुसऱ्याकडे नसणंही हवं.

कामठी
मी कारखान्यातच काम करतो म्हणून विचारतो. वही खिशात ठेवणं हे ज्ञान झालं की राजकारण? आमच्याकडे असं करणाऱ्याला सरळ ‘पॉलिटिक्स करतो’ म्हणतात.

धंतोलीकर
मराठीत ‘राजकारण करतो’ म्हटलं की निकाल लागलेलाच असतो, म्हणून अहवालात तो शब्द जपून वापरा. दोन गोष्टी वेगळ्या तपासा : हेतू संस्थेला मान्य आहे का, आणि मार्ग मान्य आहे का. मशीन चालू ठेवणं हा हेतू मान्य आहे. ड्रॉइंग मुद्दाम लपवलं असेल तर मार्ग मान्य नाही, आणि मग ते राजकारण. पण ड्रॉइंग कुणी जपलंच नाही आणि काकांनी स्वतःच्या सोयीसाठी वही केली, तर? वही दोन्हीकडे एकच दिसते. मागितल्यावर काय होतं, त्यावर थोडं कळतं.

हिंगणा रोड
मागितली होती! मॅनेजरनी नोटीस काढली की वही ऑफिसात जमा करा. काकांनी जमा केली, पण तिच्यात नुसते आकडे आणि खुणा, कुणालाच वाचता येईना. नंतर मॅनेजर स्वतः जाऊन त्यांच्याजवळ बसले. ‘एका पोराला तुमच्या हाताखाली देतो, कसं शिकवायचं ते तुम्हीच ठरवा’ म्हणाले. तेव्हा काकांनी पोरगा स्वतः निवडला आणि त्याला हळूहळू खुणा समजावू लागले. बदल्यात रविवारी बोलवायचं नाही, असंही ठरवून घेतलं.

धंतोलीकर
तुमच्या प्रोजेक्टचा गाभा इथं आहे. मॅनेजरनी आधी पदाचा जोर लावला. हुकूम पाळला गेला, पण काम झालं नाही. निव्वळ दबावातून बहुतेक वेळा एवढंच हाती लागतं. नंतर त्यांनी सल्ला विचारला आणि देवाणघेवाण केली, तेव्हा माणूस मनापासून कामाला लागला. पण देवाणघेवाणीला मर्यादा आहे. पुढच्या वेळी काका आधी ‘काय देता’ विचारतील. निर्णय घडवण्यात त्यांना भाग मिळाला, त्याचा परिणाम जास्त टिकेल असं मला वाटतं. मुलाखतीत हे दोन वेगळे करून विचारा, नाहीतर कशानं काम झालं ते कळायचं नाही.

इतवारी
मंग तो पोरगा शिकला का काकाचं वजन गेलं?

धंतोलीकर
इतवारीभाऊ, नेमका प्रश्न. सिद्धान्तानुसार कमी व्हायला हवं, कारण आता पर्याय तयार झाला. म्हणून तर माणसं वही सहज देत नाहीत. तुमचा तो बाबूही फाईल कुठं अडली आहे हे सांगत नाही. अर्ज आणि त्याची तारीख सगळ्यांना दिसू लागली की त्याचंही तसंच होतं.

हिंगणा रोड
पण इथं तसं दिसत नाही. पोरगा आता लहानसहान बिघाड काढतो, तरी सुपरवायझर आधी काकांनाच हाक मारतात. विचारलं तर म्हणतात, ‘काका ओरडत नाहीत, आणि कुणाच्या चुकीनं मशीन अडलं ते वर सांगत नाहीत.’

बर्डीवाली
मग हा आदर! पाचातला शेवटचा आधार.

कामठी
किंवा सोय. चूक झाकणारा माणूस कुणाला नको असतो?

धंतोलीकर
दोन्ही असू शकतं, आणि इथून बसून ठरणार नाही. काका रजेवर असताना मशीन अडलं तर सुपरवायझर पोराला बोलावतात की काकांना घरी फोन करतात, ते बघा. ज्या बिघाडात कुणाची चूक नव्हती तेव्हाही काकांनाच हाक जाते का, तेही नोंदवा.

शब्दाचं म्हणाल, तर मी अहवालात ‘वजन’च लिहीन. ‘अधिकार’ म्हटलं की पद आलं, ‘सत्ता’ म्हटलं की विधानभवन डोळ्यांपुढे येतं.

बर्डीवाली
परीक्षकाला ‘वजन’ बोलीतलं वाटेल. ‘पदनिरपेक्ष सत्ता’ लिहा.

कामठी
ते वाचून आमच्या शॉपफ्लोअरवर कुणाला कळेल?

हिंगणा रोड
मुलाखतींत ‘वजन’ तसंच ठेवते, विश्लेषणात काय लिहायचं ते गाइड सरांना विचारते. काका पुढच्या आठवड्यात लग्नासाठी उमरेडला जाणार आहेत. तेव्हा फोन कुणाला जातात ते लिहून ठेवीन आणि इथं सांगेन.