मदत हवी आहे: ७ वर्षांच्या पिल्लूसाठी तीन सोप्या ओळी (रविवारी कार्यक्रम!)

सायली_बं (बुधवार, रात्री १०.४०)
रविवारी घरचा कार्यक्रम आहे. पिल्लूने माइकवर तीन ओळी म्हणाव्यात असं सगळ्यांचं म्हणणं. वय ७. लिहून दिलेलं भाषण दोनदा पाठ करून घेतलं, दोन्ही वेळा दुसऱ्या वाक्यावर गाडी अडली आणि रडारड झाली. मला फक्त तीनच ओळी हव्यात, लक्षात राहतील अशा. कुणी आज रात्रीच देईल का? उद्यापासून तयारीला लागायचंय.

विलास_कोथरूड (रात्री १०.५५)
हे घ्या:
"आदरणीय व्यासपीठ आणि उपस्थित मान्यवर, आज माझ्या आजोबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त दोन शब्द बोलतो. आजोबा आमचे आधारवड आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो."
माझ्या नातवाने हेच म्हटलं होतं, टाळ्यांचा कडकडाट झाला.

मितान (रात्री ११.०२)
विलासकाका, आजोबा कुठून आले? ताईंनी कार्यक्रम कुठला तेही सांगितलेलं नाही. वाढदिवस, बारसं, मुंज, लग्न? कुणासाठी बोलायचंय?

सायली_बं (रात्री ११.१०)
अरे हो. सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे, सांगलीला. आम्ही बंगळूरहून शुक्रवारी रात्री निघणार. मी दिलेलं भाषण असं होतं: "आज आमच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शन सोहळ्याला आपण सर्वजण जमलो आहोत. आजी अतिशय प्रेमळ आणि कष्टाळू आहे..." इथेच अडतं.

नर्मदा_तीर (रात्री ११.१८)
एवढ्या मंगल प्रसंगी "शतमानं भवति शतायुः पुरुषः" हे म्हणायला शिकवा. मंत्रोच्चाराने वातावरण बदलतं. माझी भाची पाचव्या वर्षी म्हणायची.

मितान (रात्री ११.२५)
पण हा आशीर्वाद आहे ना? गुरुजी देतात, वडीलधारे देतात. सात वर्षांच्या नातवंडाने आजीला आशीर्वाद द्यायचा? आमच्याकडे मुलं वाकून नमस्कार करतात आणि आशीर्वाद आजी देते.

नर्मदा_तीर (रात्री ११.३१)
मंत्राला वय नसतं. शुभेच्छा कुणीही दिल्या तरी चालतात.

निवृत्त_बाई (गुरुवार, सकाळी ६.१५)
सायली, मी सत्तावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं आणि स्नेहसंमेलनात याच वयाच्या मुलांना उभं केलं, म्हणून लिहिते. तुझं पिल्लू आळशी नाही. "सहस्रचंद्रदर्शन सोहळ्याला आपण सर्वजण" हे वाक्य मोठ्या माणसाला एका श्वासात म्हणून बघायला सांग. आणि "प्रेमळ", "कष्टाळू" हे मुलाने पाहिलेलं नसतं. जे डोळ्यांसमोर येत नाही त्याची ओळ दुसऱ्या ओळीच्या जागी सहज जाऊन बसते आणि मग मूल थांबतं.

एक कच्चा नमुना देते, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. आपल्या लहान अभंगाची हीच चाल, टाळी देता येते:

आभाळात गोल दिवा,
आजी बघे दरवेळी,
पाया पडतो तिच्या मी.

यमक जमलेलं नाही, हे मला माहीत आहे. आधी मला हे सांग: पिल्लू मुलगा की मुलगी? आजीला हाक काय मारतं? पुढचे दात पडलेत का? आजी त्याच्यासाठी रोज काय करते? देवनागरी वाचता येतं का?

विलास_कोथरूड (सकाळी ७.४०)
दातांचा काय संबंध? पाठांतर हा सरावाचा भाग आहे. रोज पन्नास वेळा म्हणून घ्या.

निवृत्त_बाई (सकाळी ७.५२)
संबंध आहे, विलासराव. सातव्या वर्षी वरचे पुढचे दोन दात बहुधा पडलेले किंवा अर्धे आलेले असतात. तेव्हा "स" फसफसतो. "चारा"मधला च आणि "जाळं"मधला ज यांचंही तेच. "चार" आणि "चंद्र" यांतला च जीभ टाळूला लागून निघतो, तो बहुतेक वेळा नीट येतो. मुलाला आपला उच्चार वेगळा येतोय हे कळतं आणि चारचौघांत ते त्याच शब्दावर थबकतं. एकदा एका मुलाच्या ओळीत मीच "सुस्वागतम्" घातलं होतं. मुलं हसली आणि तो उरलेलं बोललाच नाही. तेव्हापासून मी आधी दात विचारते.

सायली_बं (सकाळी ९.०५)
मुलगी आहे! लिहायचं राहिलं. म्हणजे "पडतो" चालणार नाही. वरचे दोन्ही दात पडलेत, मला हे सुचलंच नव्हतं. सासूबाईंना सगळे "माई" म्हणतात, तीसुद्धा. इंग्रजी माध्यम आहे, देवनागरी एकेक अक्षर लावून वाचते. माई इथे आल्या की डाळिंब सोलून वाटीत दाणे देतात, हिला तेच आठवतं.

आर्ची_यूके (सकाळी ९.३०)
आमच्या मुलांना मी मराठी ओळी रोमन लिपीत लिहून देते. तेच करा.

निवृत्त_बाई (सकाळी ११.२०)
सायली, दाण्यांनी काम सोपं केलं. हे बघ:

माईचे चंद्र हजार,
मला देते दाणे चार,
माई, तुला नमस्कार!

मोजून बघ, तिन्ही ओळी आठ-आठ अक्षरांच्या. शेवटचा "आर" तिला पुढची ओळ आणून देतो. तिच्या बोलण्यात "मी करते", "मी म्हणते" असं कुठेच येत नाही, म्हणून मुलगा-मुलगीचा घोळही नाही. "हजार"मधला ज थोडा घसरेल आणि "नमस्कार"मधला स सुद्धा. ते राहू दे. नमस्काराला हात जोडलेले असतात, लोक शब्द डोळ्यांनीच ऐकतात.

कागदावर ओळी लिहू नकोस, रोमनमध्ये तर नकोच. "daane" वाचताना ती दाणे म्हणेल की दाने, सांगता येत नाही. तीन चित्रं काढायला लाव: गोल चंद्र, डाळिंबाची वाटी, जोडलेले हात.

शिकवताना शेवटून सुरुवात कर. आज फक्त "माई, तुला नमस्कार". उद्या दुसरी आणि तिसरी. शनिवारी सकाळी तिन्ही. पहिल्या ओळीपासून शिकवलं की पहिली शंभरदा होते आणि शेवटची दहादा, मग मूल जसजसं पुढे जातं तसतशी जमीन भुसभुशीत होते. उलट शिकवलं की ती प्रत्येक वेळी ओळखीच्या ओळीकडे जाते.

मितान (सकाळी ११.४५)
बाई, ओळी गोड आहेत. पण पहिल्या दोन ओळी माईंबद्दल आणि तिसरी एकदम माईंशी. "देते" आणि मग "तुला". खटकत नाही?

निवृत्त_बाई (दुपारी १२.१०)
लिहिताना मलाही खटकलं. मग असं ठरवलं की पहिल्या दोन ओळी पाहुण्यांकडे बघून, तिसरीला वळून माईंकडे. वळणं हीच तिची खूण, शरीराला आठवलं की जिभेला आठवतं.

पंचांगकाका (दुपारी १.००)
"हजार" बरोबर आहे का ते आधी पाहा. सहस्रचंद्रदर्शन ८० वर्षं ८ महिने पूर्ण झाल्यावर करतात, तेव्हाच बरोबर हजार पौर्णिमा होतात. पुढेमागे केलं तर ओळ चूक.

खगोल_हौशी (दुपारी १.३०)
काका, "बरोबर" नाही. ८० वर्षांचे ९६० महिने आणि वरचे ८, म्हणजे ९६८. उरलेल्या पौर्णिमा अधिक महिन्यांतून येतात, साधारण ३२-३३ महिन्यांनी एक. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस. हजारला २९,५३० दिवस, म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने. दोन महिन्यांचा फरक राहतोच.

पंचांगकाका (दुपारी १.४४)
शास्त्राला धरून चालणारे ८० वर्षं ८ महिनेच धरतात. तुमची सरासरी तुमच्याकडे ठेवा.

सायली_बं (दुपारी २.०५)
माईंना ८१ पूर्ण झाली आहेत.

खगोल_हौशी (दुपारी २.१२)
मग कोणत्याही हिशेबाने हजारच्या वर गेल्या. ओळ बिनधास्त ठेवा.

स्वाती_नगर (दुपारी ३.२०)
ओवाळणार कशाने? आमच्याकडे ८१ दिव्यांनी ओवाळलं. कणकेचे दिवे केले तर तेल झिरपतं, खाली मोठं पितळी ताट घ्या. हॉलवाले आग लावू देतात का तेही विचारा, आमच्या हॉलने आयत्या वेळी नकार दिला.

मितान (दुपारी ३.२८)
स्वातीताई, इथे ओळींची चर्चा चाललीय.

स्वाती_नगर (दुपारी ३.३५)
ओवाळताना मुलगी जवळ उभी असेल तर झग्याची ओढणी सांभाळा, एवढंच सांगायचं होतं.

सायली_बं (शुक्रवार, दुपारी ४.१०)
बाई, कमाल झाली. काल शेवटची ओळ, आज दोन, आणि पहिली तिने स्वतःच मागून घेतली. रडारड नाही. पण दोन अडचणी. एक, ती म्हणते "चार नाही, माई वाटीभर देते, चार म्हटलं तर खोटं होईल". दोन, मध्येच थांबवलं की परत पहिल्यापासून सुरू करते.

निवृत्त_बाई (संध्याकाळी ५.००)
ती अर्थ धरून बोलतेय, हे उत्तम. "मला देते दाणे फार" करून बघ, अक्षरं आठच राहतात. "फ" दातांशिवाय कधी कधी नुसता हवेचा निघतो, म्हणून मी "चार" घेतलं होतं. तिला दोन्ही म्हणू दे आणि तिला आवडेल ते ठेव.

पहिल्यापासून सुरू करते म्हणजे साखळी पाठ आहे, ओळी नाहीत. प्रवासात खेळ कर: तू चित्र दाखव, तिने तीच ओळ म्हणायची, उलटसुलट क्रमाने. वाटीचं चित्र दाखवल्यावर ती चंद्राकडे पळाली तर अजून कच्चं आहे. विसरली तर पूर्ण ओळ सांगू नकोस, फक्त "मला..." एवढंच.

विलास_कोथरूड (संध्याकाळी ५.२०)
माइक तोंडाला लावून बोलायला सांगा, नाहीतर मागच्यांना ऐकू जात नाही.

निवृत्त_बाई (संध्याकाळी ५.३१)
तोंडाला लावू नका. "फार" किंवा "पाहुणे" असे शब्द आले की फट् असा आवाज येतो आणि मूल दचकतं. तिच्याच मुठीएवढं अंतर ठेवा आणि माइक तू धर, हात तिला नमस्काराला हवेत. शक्य असेल तर हॉलवर एकदा सुरू माइकमध्ये म्हणून घे. आपलाच मोठा आवाज पहिल्यांदा ऐकून बरीच मुलं गप्प होतात.

नर्मदा_तीर (संध्याकाळी ६.०२)
ओळी छान आहेत. तरी शेवटी "शतायुषी भव" जोडलंत तर शोभा येईल.

सायली_बं (संध्याकाळी ६.४०)
तीन ओळींवर चौथी चढवायची हिंमत नाही हो. चार की फार, तिचा निर्णय झालेला नाही, आलटून पालटून म्हणतेय. रात्री नऊची बस आहे.

मितान (संध्याकाळी ६.४८)
ताई, एक राहिलं. माईंना नीट ऐकू येतं का?

सायली_बं (संध्याकाळी ६.५५)
उजव्या कानाने येतं. स्टेजवर नाही, त्यांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूलाच उभी करते.