केस रिपोर्ट: मण्यार चावल्याची केस, पण साप कुणी पाहिलाच नाही. टाइमलाइन, डिस्कशन आणि कन्सेंट कसं मांडू?

जेआर२_रात्रपाळी
नमस्कार मंडळी, मेडिसिनला जेआर टू आहे, कॉलेज ग्रामीण भागात. पहिलाच केस रिपोर्ट लिहितोय. ड्राफ्ट गाइड मॅडमना दाखवला तर म्हणाल्या "ही गोष्ट आहे, केस रिपोर्ट नाही" आणि राउंडला निघून गेल्या, म्हणून इथे विचारतोय.

केस अशी: विशीतला मुलगा, शेतमजूर, रात्री दहाला जेवून जमिनीवर सतरंजीवर झोपला. दोनला पोटात कळ येऊन जाग आली, एक उलटी झाली. साडेचारला पीएचसीत नेलं, पोट मऊ होतं, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. सातला पापण्या उघडेनात, आवाज नाकातून यायला लागला, थुंकी गिळता येईना. ग्रामीण रुग्णालयातून "स्ट्रोक?" लिहून आमच्याकडे रेफर, पोचला साडेदहाला. एका श्वासात आकडे मोज म्हटलं तर सहापर्यंत मोजले, सॅच्युरेशन ८४, लगेच ट्यूब टाकली. सीटी नॉर्मल. बाराच्या सुमारास आमच्या सिस्टरनी त्याच्या आईला सहज विचारलं "झोपला कुठं होता?" आणि तिथून सगळं फिरलं. चावल्याची खूण नाही, सूज नाही, वीस मिनिटांच्या टेस्टमध्ये रक्त गोठलं. एएसव्ही १० व्हायल दिल्या, दोन तासांनी आणखी १०. निओस्टिग्मिनने फरक शून्य. रात्री दहापर्यंत काहीच हालचाल नाही, प्युपिल मोठे आणि लाइटला रिअ‍ॅक्शन नाही, रिफ्लेक्स नाहीत. नातेवाइकांना "आशा कमी आहे" सांगून झालं होतं. तिसऱ्या दिवशी ईईजी केला तर चक्क जाग्या माणसाचा! चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला, सातव्या दिवशी ट्यूब काढली, दहाव्या दिवशी चालत घरी गेला.

प्रश्न तीन. टाइमलाइन कुठून सुरू करू? डिस्कशनमध्ये काय काय घेऊ (सध्या मण्यारीच्या विषाची अख्खी फार्माकॉलॉजी लिहिलीय)? आणि कन्सेंट भावाने अ‍ॅडमिशनच्या वेळी दिलाय, तो चालेल ना?

चहा_आणि_चार्ट
कन्सेंटचं एवढं टेन्शन घेऊ नकोस. नाव आणि आयपीडी नंबर काढला, फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, मग कन्सेंट लागतच नाही. टाइमलाइनचं टेबल कर, डाव्या बाजूला तारखा टाक. आमच्या बॅचच्या दोघांनी असंच केलं होतं, छापून आलं.

भातखाचर
आमच्या काकांनाही मागच्या पावसाळ्यात साप चावला, पाय मांडीपर्यंत सुजला होता. एएसव्ही तालुक्याला मिळते का नेहमी? आणि पेशंट बरा झाल्यावर रिपोर्ट कशासाठी हवाय, इन्शुरन्सला लागतो का?

खोडरबर
@भातखाचर हा रिपोर्ट इन्शुरन्सचा नाही हो, डॉक्टर लोक जर्नलमध्ये एखाद्या पेशंटची हकीकत लिहितात तो. काकांचा पाय सुजला म्हणजे बहुतेक घोणस, फुरसं किंवा नाग असेल, मण्यारीत सूज जवळजवळ नसतेच आणि म्हणूनच ह्या पोराचं निदान चुकत गेलं. एएसव्ही एकच असते, चारही सापांवर चालते, सरकारी दवाखान्यात असते, वेळ न घालवता तिथेच न्यायचं.

@जेआर२_रात्रपाळी आता तुझं. मी काही वर्षं रिव्ह्यू करतोय आणि नव्वद टक्के ड्राफ्ट एकाच ठिकाणी घसरतात, लेखकाला शेवट माहीत असतो आणि तो पहिल्या ओळीपासून शेवट माहीत असल्यासारखा लिहितो. तुझ्या ड्राफ्टचं पहिलं वाक्य मी न बघता सांगतो, "मण्यारदंशाचा रुग्ण पोटदुखीसह आला." बरोबर? तो मण्यारदंशाचा रुग्ण म्हणून आलाच नव्हता ना बाबा, तो पोटदुखीचा रुग्ण म्हणून आला होता. दुपारी बारापर्यंत तुमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात साप नव्हता आणि केसची सगळी किंमत त्या दहा तासांत आहे.

म्हणून टाइमलाइनचा शून्य तास दंशाचा नको, कारण दंश कधी झाला हे कुणालाच माहीत नाही, रात्री दहा ते दोनच्या मधे कधीतरी एवढंच सांगता येतं. अ‍ॅडमिशनचाही नको, मग आधीचे साडेआठ तास गायब होतात. शून्य तास म्हणजे पहिलं लक्षण, दोनची कळ. तिथून मोज: अडीच तासांनी पीएचसी, पाच तासांनी पापण्या, साडेआठ तासांनी ट्यूब, साधारण दहा तासांनी सिस्टरचा प्रश्न आणि एएसव्ही, वीस तासांनी प्युपिल आणि रिफ्लेक्स गेले. प्रत्येक वेळेसमोर तीन गोष्टी लिही, काय दिसलं, तेव्हा काय वाटलं, काय केलं. "तेव्हा काय वाटलं" हा रकाना लोक गाळतात, लाज वाटते म्हणून. तोच ठेव. अ‍ॅसिडिटी, मग स्ट्रोक, मग जीबीएस आलं असेल कुणाच्या तरी मनात, हे सगळं तिथे येऊ दे.

तारखा अजिबात टाकू नकोस (@चहा, सॉरी). तास आणि दिवस पुरतात. छोट्या गावात "अमुक तारखेला व्हेंटिलेटरवर गेलेला पोरगा" म्हटलं की नाव न लिहिताही कळतं, त्यात लोकल पेपरला बातमी आली असेल तर संपलंच. गाव, तालुका पण नको. पण ओळख लपवायला वय-लिंग-व्यवसाय बदलायचा उद्योगही करू नये, तो डेटा खोटा होतो. नको ते गाळायचं, बदलायचं नाही.

जेआर२_रात्रपाळी
सर पहिलं वाक्य शब्दशः तेच आहे 🙈 फाइंडिंग्जमध्येही मी सगळीकडे "न्यूरोटॉक्सिक एनव्हेनोमेशनची लक्षणे" लिहिलंय.

खोडरबर
काढ. फाइंडिंग्ज म्हणजे जे डोळ्यांनी दिसलं आणि हाताला लागलं ते. "दोन्ही पापण्या अर्ध्याहून खाली, डोळे कुठल्याच दिशेला पूर्ण वळत नाहीत, मान उचलता येत नाही, एका श्वासात सहा आकडे." निगेटिव्ह गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या, खूण शोधली पण सापडली नाही, सूज नाही, रक्त गोठलं. पोटॅशियम नॉर्मल असेल तर तेही, कारण रिव्ह्यूअर पहिलं तेच विचारणार. विषाचं नाव फाइंडिंग्जमध्ये येताच कामा नये.

आणि साप दिसला नाही, विषाची तपासणी झाली नाही, मग "मण्यारदंश" असं ठाम कशावर लिहितोस? "संभाव्य मण्यारदंश" लिही आणि चार आधार दे: जमिनीवर झोपणं, पहाटेची पोटदुखी, खूण नाही, वरून खाली उतरत गेलेला लकवा. निओस्टिग्मिनला प्रतिसाद नाही हा पाचवा, पण तो एकट्याने काही सिद्ध करत नाही.

निवृत्त_वॉर्ड
टायटलमध्ये तरी मण्यार लिहू दे की! "संभाव्य" लिहिलं तर कोण वाचेल. आमच्या काळी घाटाखालच्या दवाखान्यात पहाटे पोट दुखतं म्हणून आला आणि डोळे झाकतायत म्हटलं की चहावाला पण सांगायचा कांडर चावलीय. यात नवीन काय आहे तेच मला कळत नाही, असे रिपोर्ट ढिगाने आलेत.

खोडरबर
ढिगाने आलेत हे खरं आणि म्हणूनच विषाची फार्माकॉलॉजी कुणाला नकोय. डिस्कशनला एकच प्रश्न हवा. माझ्या मते या केसमध्ये तो वीस तासांपासून ईईजीपर्यंतचा काळ आहे. पेशंट ब्रेन डेड दिसत होता पण आत जागा होता. मण्यारीच्या विषाने प्युपिलही अडकतात त्यामुळे नेहमीची तपासणी फसवते आणि ब्रेन डेथच्या टेस्टची पहिली अटच ही आहे की स्नायूंचा लकवा आणणारं कारण आधी बाजूला काढलेलं असलं पाहिजे. त्या वेळी बेडजवळ काय बोललं गेलं, सिडेशन चालू होतं का, ईईजी तिसऱ्या दिवसाऐवजी पहिल्याच रात्री का नाही झाला, यावर दीड पान लिही. आधीच्या रिपोर्टांशी तुलना कर, तुझ्या केसची मर्यादा सांग. एका केसवरून "सर्व लकव्यात ईईजी करावा" असली शिफारस करू नकोस, फार तर "अशा पेशंटमध्ये आशा सोडण्याआधी हा विचार व्हावा" इतकंच.

टायटलमध्ये मण्यार असू दे, निवृत्त सरांचं बरोबर आहे, फक्त "केस रिपोर्ट" हे शब्द टायटलमध्ये असावेत असं केअरची चेकलिस्ट सांगते. ती २०१३ पासून आहे, तेरा मुद्दे, बहुतेक जर्नल भरून मागतात. तिच्यात पेशंटचं म्हणणं असा वेगळा मुद्दा आहे, तो लोक विसरतात. विचारलंस का त्याला?

जेआर२_रात्रपाळी
विचारलं नाही पण डिस्चार्जच्या दिवशी तो आपणहून बोलला होता. म्हणाला मला सगळं ऐकू येत होतं, भाऊ म्हणत होता घरी नेऊया, आणि मी ओरडत होतो पण आवाज निघत नव्हता. मी ते ड्राफ्टमध्ये घेतलं नव्हतं, वाटलं इमोशनल होईल.

खोडरबर
अरे तेच तर घ्यायचंय!! ईईजीपेक्षा मोठा पुरावा आहे तो. त्याच्याच शब्दांत मराठीतून लिहून घे, मग भाषांतर.

कन्सेंटवाली_ताई
मी एथिक्स कमिटीच्या ऑफिसात काम करते म्हणून फक्त कन्सेंटवर बोलते. @चहा_आणि_चार्ट नाव काढलं की कन्सेंट लागत नाही हा समज सगळ्यात जास्त पसरलेला आहे. ओळख पटू शकेल अशी माहिती असेल तर लेखी संमती लागतेच आणि केस रिपोर्टमध्ये ती जवळजवळ नेहमीच असते. डोळ्यांवरची पट्टी पुरेशी नाही असं जर्नल एडिटरांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेच लिहून ठेवलंय. तुमच्या केसमध्ये तर फोटोतल्या पापण्याच दाखवायच्या आहेत, पट्टी मारून काय दाखवणार 😄

भावाची सही उपचारासाठी होती, छापण्यासाठी नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पेशंट आता शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, म्हणजे संमती त्याचीच. मराठीत फॉर्म, वाचून दाखवायचा, लेख इंटरनेटवर जगभर दिसेल, एकदा छापल्यावर मागे घेता येणार नाही आणि ओळख शंभर टक्के लपेलच याची खात्री नाही हे तोंडी पण सांगायचं. नाही म्हणाला तर उपचारात फरक पडणार नाही हेही. फोटोसाठी वेगळी टिकमार्क ठेवा, काही लोक लेखाला हो आणि फोटोला नाही म्हणतात. काही जर्नलांचा स्वतःचा फॉर्म असतो, आधी तो बघा नाहीतर दोनदा सही घ्यायला गाव गाठावं लागेल. सही केलेला कागद हॉस्पिटलच्या फाइलमध्ये, लेखात फक्त एक ओळ: "हा अहवाल आणि सोबतची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यासाठी रुग्णाची लेखी संमती घेतली आहे." मिळाली नसेल तर ती ओळ लिहू नका, मी अशी ओळ फाइल रिकामी असताना लिहिलेली पाहिलीय.

आणखी एक, त्याच्या बोलण्यात भावाचं वाक्य येतंय. भावाला विचारलंत का? गावात तो "घरी नेऊया म्हणणारा भाऊ" होऊन बसेल.

चहा_आणि_चार्ट
ओके, पट्टीचं माझं चुकलं. पण आमच्या कॉलेजात एथिक्स कमिटीचं पत्र मागितलं नव्हतं, ते लागतं का?

कन्सेंटवाली_ताई
संस्थेवर आहे. काही ठिकाणी एका केसला मंजुरी लागत नाही असं नुसतं पत्र देतात, पण ते पत्र जर्नल मागू शकतं. आधी विचारून ठेवा.

निवृत्त_वॉर्ड
आणि पीएचसीचं काय करणार? अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन छापलं तर तिथला डॉक्टर कोण हे जिल्ह्यात सगळ्यांना कळेल. मी असतो तर गाळलं असतं. रात्री साडेचारला एकटा माणूस काय करणार.

खोडरबर
गाळलं तर पोटदुखीचे ते तासच जातात. "प्राथमिक आरोग्य केंद्रात लक्षणांनुसार उपचार, तेव्हा न्यूरॉलॉजिकल लक्षण नव्हतं" असं लिहिता येईल, आणि ते खरंही आहे, पापण्या नंतर पडल्या.

निवृत्त_वॉर्ड
लक्षण नव्हतं की बघितलं नव्हतं?

जेआर२_रात्रपाळी
केसपेपरवर फक्त पोटाची तपासणी लिहिलीय, डोळ्यांचं काहीच नाही. म्हणजे "नव्हतं" असं मला लिहिता येणार नाही, "नोंद नाही" एवढंच. पीएचसीचं वाक्य ठेवावं की नाही यावर मॅडमशी बोलतो.

बाकी कालपासून टाइमलाइन नव्याने केली, फार्माकॉलॉजी चार ओळींवर आणली. सिस्टरना विचारलं आभारात नाव टाकू का, तर म्हणाल्या टाका पण मी फक्त कुठं झोपला एवढंच विचारलं होतं. पेशंट मंगळवारी फॉलो-अपला येतोय, भावाला सोबत घेऊन ये म्हणून फोन केलाय, का ते अजून सांगितलं नाही.